पाण्याच्या क्रमाने

पाणचक्कीचे जे चित्र सगळ्यांना ठाऊक आहे त्यात चक्कीच नसते. हौद असतो, त्यातली कारंजी असतात, मागे उंच भिंत आणि तिच्यावरून कोसळणारे पाणी असते, जमल्यास कडेचा जुना वडही येतो. चक्की मात्र आत एका अंधाऱ्या खोलीत आहे. तिला फिरवणारे चाक त्याहून खाली आहे आणि त्या चाकापर्यंत पाणी आणणारी नहर तर जमिनीखालून येते. म्हणजे ज्या गोष्टीसाठी ही वास्तू उभी राहिली ती एका चित्रात मावत नाही, आणि नेमके म्हणूनच तिच्यावर फोटो-निबंध करावासा वाटतो. एक चित्र पुरले असते तर बाकीची काढायची गरजच नव्हती.

मी उस्मानपुऱ्यात राहते. क्रांती चौक, मिल कॉर्नर करत पाणचक्कीला जायला स्कूटरवर फारसा वेळ लागत नाही, त्यामुळे उजेड बदलला की पुन्हा जाणे मला परवडते. एका दिवाळी अंकाच्या डिजिटल आवृत्तीसाठी हे काम होते. मागणी स्पष्ट होती: दहा चित्रे, सगळा मिळून साडेतीनशे शब्दांचा मजकूर, आणि प्रत्येक चित्राला ऑल्ट वर्णन. हे ऑल्ट वर्णन पडद्यावर दिसत नाही. ज्यांना दिसत नाही किंवा कमी दिसते, त्यांचा स्क्रीन रीडर चित्राच्या जागी ते वाचून दाखवतो. बहुतेक ठिकाणी सगळे झाल्यावर, अंक निघायच्या आदल्या रात्री, कोणीतरी हे रकाने भरून टाकतो. मी अलीकडे उलटा क्रम धरते. चित्रे निवडायच्या आधी वर्णने लिहिते आणि त्या वर्णनांवरून चित्रे निवडते. पाणचक्कीच्या कामात या पद्धतीचा कस लागला, म्हणून ते जरा तपशिलात सांगते.

आधी वास्तू कशी चालते ते सांगायला हवे, कारण चित्रांचा क्रम त्यातूनच निघतो. शहराच्या उत्तरेला, हर्सूलच्या बाजूला उंचावर पाण्याचा उगम आहे. तिथून काही किलोमीटर पाणी मातीच्या बंद नळांतून येते. नळ बंद असल्यामुळे पाण्यावर दाब राहतो आणि ते आपल्या मूळ पातळीच्या जवळपास पुन्हा चढू शकते. वाटेत चिरेबंदी मनोरे आहेत, त्यांना इथे बंबे म्हणतात. नळात कोंडलेली हवा बाहेर पडावी आणि दाब आवाक्यात राहावा, हे त्यांचे काम. पाणचक्कीपाशी हे पाणी भिंतीतून वर चढते आणि वरून खाली पडते. त्या पडण्याच्या जोरावर खालचे पात्यांचे चाक फिरते आणि चाकाच्या उभ्या दांड्यावर बसवलेले वरचे जाते त्याच्याबरोबर फिरते. बाबा शाह मुसाफिर या नक्शबंदी सूफींच्या दर्ग्याच्या आवारात, अठराव्या शतकात ही व्यवस्था उभी राहिली. दर्ग्यात येणारे फकीर, वाटसरू, शिपाई यांच्यासाठी इथे पीठ दळले जाई.

यातला कोणता भाग चित्रात दिसतो आणि कोणता दिसत नाही, याची वाटणी मी वहीत दोन रकान्यांत करते. दगड, पाणी, भिंत, अंधार, माणसे हे दिसते. पाणी वर का चढते, ते कुठून येते, कोणासाठी दळले जाई, आणि ही नहर मलिक अंबरची नव्हे, हे काही केल्या दिसत नाही. शेवटच्या मुद्द्यावर इथे नेहमी गल्लत होते. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी, म्हणजे हेच शहर, वसवली आणि तिच्यासाठी नहर-ए-अंबरी बांधली, हे खरे. पण पाणचक्कीची नहर वेगळी आणि पुष्कळ नंतरची. न दिसणाऱ्या रकान्यातले सगळे मजकुरात जाते, दिसणाऱ्या रकान्यातले काहीही मजकुरात जात नाही. साडेतीनशे शब्द कमी वाटतात, पण ही वाटणी नीट केली की ते पुरतात, कारण मग ‘भिंतीवरून पाणी पडताना दिसत आहे’ यासारख्या ओळींवर एकही शब्द खर्च होत नाही.

ही वाटणी आपल्या जिल्ह्याला नवी नाही. अजिंठ्यात चित्रांच्या प्रती करण्यासाठी वर्षानुवर्षे राहिलेल्या मेजर रॉबर्ट गिलने लेण्यांची छायाचित्रेही काढली. त्यांतल्या ७४ छायाचित्रांचे पुस्तक १८६४ साली लंडनमध्ये निघाले आणि त्यातली वर्णने जेम्स फर्ग्युसनची होती. एकाने दाखवायचे आणि दुसऱ्याने सांगायचे, असे ते काम होते. लेणे कोणत्या काळातले, कोणत्या पंथाचे, हे कॅमेरा सांगू शकत नव्हता. कोरीवकामाचा पोत शब्दांना तितका साधत नव्हता. आज एकच माणूस दोन्ही करतो म्हणून या दोन कामांची सरमिसळ होते, एवढेच.

आता क्रम. घरी मी निवडीच्या चित्रांच्या चार बाय सहा इंची स्वस्त प्रिंट काढून आणते आणि बैठकीच्या खोलीत सतरंजीवर मांडते. पडद्यावर लघुचित्रे सरकवून क्रम लावता येतो, पण दोन चित्रे शेजारी आली की त्यांच्यात काय घडते ते प्रिंट हाताने उचलून बदलताना जास्त कळते. प्रत्येक प्रिंटच्या मागे पेन्सिलने त्या चित्राचे वर्णन एका वाक्यात लिहिते. मग प्रिंट पालथ्या घालते आणि नुसती वाक्ये ओळीने मोठ्याने वाचते.

पाणचक्कीच्या बाबतीत सरळ क्रम समोरच होता: पाण्याचा. उगम, बंबा, भिंत, धार, चाक, जाते, हौद, नदी. हा क्रम कारणांचा आहे, त्यामुळे तो मोडू नये असे मला पहिल्यापासून वाटत होते. अडचण सुरुवातीची होती. हर्सूलकडची झुडपे आणि दगडांतली ओल हे पहिले चित्र म्हणून कोणालाही थांबवत नाही. पाहणाऱ्याला अजून प्रश्नच पडलेला नसतो, आणि आपण उत्तर द्यायला सुरुवात करतो. दुसरा पर्याय प्रसिद्ध चित्राचा, म्हणजे हौद आणि भिंत यांचा. त्यात वेगळी अडचण अशी की ते पाहिल्यावर ‘हो, पाणचक्की, माहीत आहे’ असे म्हणून बोट पुढे सरकते.

शेवटी पहिले चित्र ठरले ते फक्त कोसळत्या पाण्याचे. भिंत नाही, हौद नाही, आकाश नाही. सेकंदाच्या हजाराव्या भागाइतक्या वेगाने घेतलेले, त्यामुळे धार तुटून तिचे दोरे आणि थेंब वेगवेगळे दिसतात. हे कुठले पाणी ते कळत नाही. खाली एकच ओळ: ‘हे पाणी डोंगरातून जमिनीखालून आले आहे, आणि इथे ते वरून पडते आहे.’ जमिनीखालून आलेले पाणी वरून कसे पडेल, हा प्रश्न पडला की मग दुसऱ्या चित्रात हर्सूलला जायला वाचक तयार होतो. तिसरे चित्र वाटेवरच्या बंब्याचे, चौथे पाणी जिच्यातून चढते त्या भिंतीचे, आणि पाचव्यात तीच धार पुन्हा येते. या वेळी दुरून, भिंत आणि हौद यांच्यासकट, म्हणजे जवळजवळ ते प्रसिद्ध चित्रच. पण आता ते ओळखीचे म्हणून पाहिले जात नाही, समजून पाहिले जाते.

एकच धार दोनदा येते, मग दोन्हींचे वर्णन वेगळे असायला हवे. नसले तर दोन्ही चित्रे ठेवण्याचे कारण उरत नाही. ही तपासणी फार उपयोगाची आहे. ज्या दोन चित्रांची वर्णने लिहिता लिहिता सारखी होतात, त्यांतले एक काढावे. डोळ्याला दोन चित्रे वेगळी वाटतात, कारण एकात ढग चांगला आलेला असतो आणि दुसऱ्यात प्रतिबिंब. पण त्या निबंधात दोन्हींचे काम एकच असते. माझ्याकडे हौदाची तीन सुरेख चित्रे होती. तिन्हींच्या मागे पेन्सिलने जे लिहिले गेले ते असे: ‘लांबट हौद, त्यात कारंजी, मागे भिंत.’ दोन बाजूला गेली. मन घट्ट करावे लागते, पण वाक्ये समोर असली की वाद फार चालत नाही.

क्रमाची आणखी एक बाजू दिशेची. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो. एका चित्रात पाणी उजवीकडे वाहते आणि पुढच्यात डावीकडे, तर पाहणाऱ्याला पाणी मागे फिरल्यासारखे वाटते, जरी त्याला ते नेमके सांगता आले नाही. म्हणून काढतानाच मी शक्य तिथे अशा बाजूला उभी राहते की प्रवाह डावीकडून उजवीकडे जाईल. ते जमले नाही तर चित्र समोरून घ्यावे, म्हणजे दिशेचा प्रश्न येत नाही. संगणकावर चित्र आरशासारखे उलटे करणे हा उपाय काही जण सुचवतात. तो मी करत नाही. जाते ज्या दिशेने फिरते त्याच्या विरुद्ध दिशेने ते फिरताना दिसेल, आणि ती सरळ खोटी माहिती होईल.

सहावे आणि सातवे चित्र चक्कीच्या खोलीतली. पाचव्या चित्रात भर उन्हातले आवार, आणि लगेच पुढे जवळजवळ काळे चित्र. उजेडातून खोलीत पाऊल टाकल्यावर डोळ्यांपुढे जसा क्षणभर अंधार येतो तसे इथे व्हावे म्हणून मी सहावे चित्र उजळ केले नाही आणि त्या दोघांमध्ये मजकुराची एकही ओळ ठेवली नाही. सहाव्यात चाकाचा जेवढा भाग दिसतो तेवढा आहे: काळोख, त्यात ओली पाती आणि त्यांच्यावर आपटणारे पाणी. सातव्यात जाते. ते फिरते आहे हे स्थिर चित्रात कसे दाखवायचे? कॅमेरा तिपाईवर ठेवून सेकंदाचा आठवा भाग पडदा उघडा ठेवला. भोवतीची फरशी स्पष्ट येते, दगडाची कड मात्र पुसट होते, आणि तो फिरत असल्याचे कळते. वेग याहून जास्त ठेवला तर दगड नुसता पडून असल्यासारखा दिसतो. फार कमी ठेवला तर तो दगडच वाटत नाही, धुरकट वर्तुळ होते.

याच चित्राच्या वर्णनावरून ऑल्टबद्दलची मुख्य गोष्ट सांगता येईल. माझे पहिले वाक्य होते: ‘जात्याचे छायाचित्र, कड पुसट.’ छायाचित्र हा शब्द इथे फुकट जातो, कारण स्क्रीन रीडर आधीच सांगतो की हे चित्र आहे. आणि ‘कड पुसट’ हे छायाचित्रकाराचे निरीक्षण झाले. पाहणाऱ्याला पुसटपणा दिसत नाही, फिरणे दिसते. वर्णनातही तेच यायला हवे. दुसरे टोक गाठणारी वाक्येही लिहून पाहिली, त्यात बाबा शाह मुसाफिर आले, अठरावे शतक आले. तेही चुकीचे, कारण ऑल्टमध्ये ठेवलेली माहिती डोळस वाचकाला कधीच दिसत नाही. जी गोष्ट सर्वांना कळायला हवी ती चित्राखालच्या ओळीत जायला हवी. शेवटी जे गेले ते असे:

```html
<figure lang="mr">
  <img src="07-jaate.jpg"
    alt="अंधाऱ्या खोलीत जमिनीलगत मोठे गोल दगडी
    जाते फिरत आहे. दारातून आलेला उजेड त्याच्या
    अर्ध्याच भागावर पडला आहे.">
  <figcaption>खालचे चाक आणि वरचे जाते एकाच
  दांड्यावर आहेत; मधे दुसरे चाक नाही.</figcaption>
</figure>
```

यातला `lang="mr"` हा तुकडा छोटा आहे, पण तो नसला तर मराठी वाचकाची फार अडचण होते. तो असला तर स्क्रीन रीडर मराठी आवाज निवडू शकतो. नसला तर देवनागरी मजकूर हिंदी आवाजाच्या हाती जाण्याची शक्यता असते. मग आपला च, ज, ळ सगळे हिंदी वळणाने येते. अर्थ लागतो, पण ऐकणाऱ्याला प्रत्येक वाक्य मनात दुरुस्त करत जावे लागते. आणि `alt` मुळातच लिहिलेला नसेल तर काही वेळा फाइलचे नाव वाचले जाते, म्हणजे आय एम जी आणि पुढे आकड्यांची रांग. चित्र नुसते सजावटीचे असेल, दोन भागांमधली नक्षी असेल, तर `alt=""` असे मुद्दाम रिकामे ठेवावे. मग स्क्रीन रीडर ते चित्र गाळतो आणि वाचकाचा वेळ वाचतो. न लिहिणे आणि रिकामे लिहिणे यात एवढा फरक आहे.

वर्णन किती लांब असावे यावर १२५ अक्षरांचा एक नियम नेहमी सांगितला जातो. तो मानकांत कुठेही नाही. लांब वर्णने तुकड्यांत वाचणाऱ्या काही सॉफ्टवेअरच्या सवयीतून तो रूढ झाला. मी दोन वाक्ये ही मर्यादा धरते, कारण ऑल्ट वाचताना पुस्तकातल्यासारखे मागच्या ओळीवर नजर टाकता येत नाही. तो बहुधा सलग ऐकला जातो. त्याहून जास्त सांगण्यासारखे असेल तर ते खालच्या मजकुरात जायला हवे.

वर्णने तयार झाली की मी ती दोन जणांना ऐकवते. एक आमच्या गल्लीतले काका, बँकेतून निवृत्त झालेले. काचबिंदूने पन्नाशीनंतर त्यांची दृष्टी गेली. ते संगणकावर एनव्हीडीए वापरतात. हे स्क्रीन रीडर सॉफ्टवेअर मोफत मिळते. दुसरी, उस्मानपुऱ्यातच खोली घेऊन राहणारी, कॉलेजात शिकणारी मुलगी. ती जन्मापासून अंध आहे आणि फोनवर टॉकबॅक इतक्या वेगाने ऐकते की मला त्यातला एक शब्द लागत नाही.

दोघांना हवे असलेले वर्णन वेगळे असते, आणि मला वाटते याचा पुरता तोडगा निघत नाही. काकांनी पाणचक्की तरुणपणी पाहिलेली आहे. त्यांना रंग हवे असतात. ‘हौदाचे पाणी हिरवट आहे का गं अजून?’ हे त्यांनी वर्णन ऐकताच विचारले. ते उत्तर द्यायला मला चित्र पुन्हा उघडावे लागले, कारण मी रंग लिहिलाच नव्हता. पाचव्या चित्रात मग ‘हिरवट पाणी’ आले. त्या मुलीला रंगाने काही मिळत नाही, पण ती अडवतही नाही. तिला मापे हवी असतात आणि स्पर्श हवा असतो. चौथ्या चित्रात मी ‘उंच दगडी भिंत’ लिहिले होते. ती म्हणाली, ‘ताई, उंच म्हणजे किती? माझा हात पोचेल का?’ माझ्याकडच्या दुसऱ्या एका चित्रात भिंतीच्या पायथ्याशी एक माणूस उभा होताच. वर्णन असे झाले: ‘दगडी भिंत, पायथ्याशी उभ्या माणसाच्या कितीतरी पट उंच, तिच्या माथ्यावरून पाण्याची धार निघते.’ ही सुधारणा डोळस वाचकालाही लागू पडली. त्याआधी मी माणूस नसलेले चित्र निवडणार होते, कारण ते स्वच्छ दिसत होते. वर्णनाला माप हवे म्हणून माणूस असलेले चित्र आले, आणि भिंतीची उंची पाहणाऱ्यालाही पहिल्यांदा नीट कळली.

माणसांबद्दल मात्र सावध राहावे लागते. आठव्या चित्रात हौदाच्या कठड्यापाशी एक लहान मुलगी तुषारांकडे हात करते आहे आणि तिच्या मागे एक बाई उभी आहे. हात चटकन लिहून जातो, ‘आई’. पण ती आई आहे की मावशी की शेजारीण, हे मला माहीत नाही आणि चित्रातही नाही. तसेच कपड्यांचे. डोक्यावर काळा रुमाल असेल तर काळा रुमाल म्हणावे, त्यावरून धर्म ठरवून लिहू नये; दर्ग्याच्या आवारात सगळेच येतात. चित्र छापण्याची परवानगी मी त्या बाईंना तिथेच विचारली होती आणि त्यांनी होकार दिला होता, पण त्यांच्याबद्दल मी काय समजले ते लिहिण्याची परवानगी त्यात येत नाही. वर्णन असे राहिले: ‘सहासात वर्षांची मुलगी कठड्यावरून वाकून हौदातल्या तुषारांकडे हात करते आहे, मागे उभ्या बाईने तिचा फ्रॉक मुठीत धरला आहे.’ ती मूठ मला वर्णन लिहिताना दिसली. त्याआधी मी ते चित्र पाण्याच्या थेंबांसाठी निवडले होते.

नववे चित्र हौदाखालच्या दालनाचे. वरच्या हौदाचा तळ हेच त्या दालनाचे छत आहे आणि खांबांवर ते पेललेले आहे. उन्हाळ्यात तिथे गारवा राहतो. चित्रात खांब आणि कमानी दिसतात, पण डोक्यावर पाणी आहे हे दिसण्याचा काही मार्ग नाही. म्हणून इथे मजकूर जास्त ठेवला, तीन वाक्ये, आणि ऑल्ट सगळ्यांत छोटा. पहिल्या चित्राचे नेमके उलटे: तिथे मजकूर एक ओळ आणि वर्णनात धारेचे दोरे, थेंब, मागचा काळा दगड असे पुष्कळ. प्रत्येक चित्राखाली सारखाच मजकूर ठेवण्याचा आग्रह धरला की यातली काही चित्रे मुकी होतात आणि काही उगाच बोलत राहतात.

दहाव्यात शेजारून जाणारी खाम नदी आणि पूल, पाणी आवाराबाहेर पडल्यानंतरचे. तिथे निबंध संपणार होता.

क्रम ठरला की वर्णने पुन्हा एकदा तपासावी लागतात, कारण त्यांत एकमेकांचे धागे असतात. ‘तीच धार, आता दुरून’ हे पाचव्या चित्राचे वर्णन पहिले चित्र आधी आलेले असेल तरच खरे. संपादनात कोणी चित्रे मागेपुढे केली तर ते वाक्य खोटे पडते, आणि डोळस माणसाच्या ते लक्षातही येत नाही, कारण त्याला ते दिसतच नाही. म्हणून फाइलींना मी क्रमांकाने नावे देते, ०१ पासून, आणि ज्या वर्णनात मागचा संदर्भ आहे त्याची यादी संपादकांना वेगळी पाठवते. मांडणी फोनवर एकाखाली एक येते की संगणकावर दोन-दोन शेजारी, याचाही परिणाम होतो. शेजारी आलेल्या चित्रांत आधी डावे वाचले जाईल की उजवे, ते फाइलीतल्या क्रमावर ठरते, पडद्यावरच्या जागेवर नाही. ते प्रत्यक्ष ऐकूनच पाहावे लागते.

शेवटची फेरी नेहमी ऐकण्याची. वर्णन, मग खालची ओळ, मग पुढचे वर्णन, असे सगळे सलग लावले. काकांनी डोके हलवले. त्या मुलीने शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला: ‘पीठ कुठे पडतं?’

डोंगरापासून नदीपर्यंत पाण्याचा सगळा प्रवास दाखवला होता, चाक दाखवले होते, जाते दाखवले होते. ज्यासाठी हे सारे चालत असे ते पीठ एकाही चित्रात नव्हते. सतरंजीवर प्रिंट पालथ्या घालून वाक्ये वाचताना मला ते जाणवले नाही, कारण पाण्याचा क्रम स्वतःपुरता पूर्ण होता. आता मी चित्रांचा साठा पुन्हा चाळला. पीठ कुठेच नव्हते, आणि असणार नव्हते. मी गेले तेव्हा जात्यात धान्य नव्हते, दगड मोकळाच फिरत होता. दुसऱ्या कुठल्या गिरणीतले पीठ आणून इथे ठेवणे शक्य नव्हते. सातव्या चित्राखालच्या ओळीत मात्र जागा होती. साडेतीनशे शब्दांच्या हिशेबात बसावे म्हणून दालनाच्या तीन वाक्यांतले एक कापले, आणि जात्याखाली लिहिले: ‘दर्ग्यात आलेल्यांसाठी इथे पीठ पडे. या चित्रात दगड रिकामा फिरतो आहे.’